ऑफिसात 'एक्सेल येतं' म्हणजे नेमकं काय यायला हवं?

शाईपेन
नमस्कार मंडळी. मी बी.ए. (इतिहास), सोबत एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात फीचं काम बघते. वरच्या जागेसाठी अंतर्गत अर्ज मागवलेत आणि त्यात 'एक्सेलवर चांगली पकड' अशी अट आहे. जाहिराती बघितल्या तर कुणी पॉवर बीआय शिका म्हणतं, कुणी पायथन. माझ्यासारखीने नेमकं काय शिकावं?

कामाचं स्वरूप कळावं म्हणून एक उदाहरण देते. वर्गयादीत ४१२ विद्यार्थी आहेत. फी १८,५००, दोन हप्त्यांत: पहिला १०,०००, दुसरा ८,५००. बँकेकडून आलेल्या फाइलीत ६५५ ओळी आहेत: हजेरी क्रमांक, तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक. कुणाची किती बाकी आहे ते काढायचं आहे. VLOOKUP लावलं तर ७३ जणांपुढे `#N/A` येतं. त्यातल्या बऱ्याच जणांनी फी भरलेली आहे, पावत्या समोर आहेत. शेवटी एकेक नाव हातानेच शोधावं लागतं.

मिरची_लोणचं
ताई, ७३ ओळींसाठी पायथन म्हणजे माशी मारायला तोफ. आधी माशी कुठे बसलीय ते बघा.

नवा_भिडू
VLOOKUP जुनं झालं, सोडून द्या. XLOOKUP वापरा, सगळे प्रश्न सुटतील. कॉलम मोजत बसायला नको, डावीकडचंही शोधता येतं. आणि VLOOKUP मध्ये शेवटचा FALSE विसरलात की ते 'जवळपास जुळणारं' काहीतरी आणून ठेवतं आणि चूक कळतही नाही. XLOOKUP मध्ये ती भानगडच नाही.

जमाखर्च
नवा_भिडू, FALSE चा मुद्दा शंभर टक्के बरोबर. बाकी अर्धंच खरं आहे. पहिलं म्हणजे XLOOKUP एक्सेल २०२१ पासून पुढच्या आवृत्त्यांत किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्येच मिळतं. बऱ्याच कार्यालयांत अजून २०१६ आहे, तिथे `#NAME?` दिसेल. दुसरं म्हणजे शाईपेन यांच्या ७३ ओळी XLOOKUP नेही जुळणार नाहीत, कारण दोष सूत्रात नाही, क्रमांकांत आहे.

शाईपेन, एक करून बघा. दोन्ही फाइलींत हजेरी क्रमांकाचा कॉलम रुंद करा आणि कुठला क्रमांक डाव्या कडेला चिकटलाय, कुठला उजव्या, ते बघा. आपण स्वतः सेल डावी-उजवी केली नसेल तर एक्सेल संख्या उजवीकडे ठेवतं आणि मजकूर डावीकडे. `1023` ही संख्या आणि `1023` हा मजकूर डोळ्यांना सारखेच दिसतात, पण VLOOKUP त्यांना वेगळं मानतं. खात्री करायची तर शेजारी `=ISTEXT(A2)` लिहून खाली ओढा.

दुसरा संशय न दिसणाऱ्या जागेचा. वेबपानावरून कॉपी केलेल्या माहितीत क्रमांकाच्या मागे एक विशेष स्पेस येते. तिचा सांकेतिक क्रमांक १६०. नेहमीच्या स्पेसचा ३२ असतो आणि TRIM फक्त तीच काढतं, ही काढत नाही. म्हणून 'मी TRIM लावून बघितलं, तरी जुळत नाही' अशी तक्रार नेहमी ऐकू येते. `=LEN(A2)` लावा. चार आकडी क्रमांकाची लांबी ५ आली की चोर सापडला.

उपाय दोन्हींवर एकच. दोन्ही शीटमध्ये एक नवा कॉलम घ्या, समजा F, आणि त्यात हे लिहा:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160),""))
```

याने दोन्हीकडचे क्रमांक स्वच्छ होतात आणि दोन्हीकडे मजकूरच होतात. मग जुळणी A वर न करता F वर करा. VLOOKUP डावीकडचं आणत नाही, म्हणून बँकेच्या शीटवर रक्कम H मध्ये `=C2` अशी उतरवून घ्या. मूळ कॉलमला मात्र हात लावू नका. उद्या कुणी विचारलं तर मूळ माहिती समोर असायला हवी.

गावकूस
टॅलीत हे सगळं आपोआप होतं. एक्सेल कशाला?

जमाखर्च
टॅलीत नोंदी असतील तर होतं. इथे बँकेची फाइल आणि वर्गयादी दोन्ही टॅलीच्या बाहेर आहेत.

शाईपेन
जमाखर्च, आभार. ISTEXT ने ४१ सापडले. ते सगळे प्रवेश पोर्टलवरून आलेल्या यादीतले. आणखी १८ ठिकाणी लांबी ५ आली, ते सगळे बँकेच्या फाइलीत. F वर VLOOKUP लावल्यावर आता `#N/A` फक्त १४ राहिले आणि ते खरंच न भरलेले दिसतात.

पण बाकी मात्र चुकीची येते. दोन्ही हप्ते भरलेल्यांपुढेसुद्धा १०,०००च दिसतात.

कपबशी
कारण VLOOKUP पहिली सापडलेली ओळ आणून थांबतं. XLOOKUP ही तसंच. एका क्रमांकाच्या अनेक ओळी असतील तर शोधायचं नसतं, बेरीज करायची असते. SUMIFS लावा. शिवाय SUMIFS ला मजकूर आणि संख्या यांतला फरकही चालतो, म्हणजे ती F कॉलमची कटकटही लागली नसती.

जमाखर्च
कपबशी, SUMIFS चा सल्ला योग्य, पण F कॉलम ठेवाच. SUMIFS `1023` मजकूर असो वा संख्या, दोन्ही एकच धरतं हे खरं आहे. म्हणजे ते ४१ जण तसेही जुळले असते. पण १६० वाल्या जागेचे १८ जण जुळले नसते आणि तिथे `#N/A` ऐवजी शांतपणे ० आलं असतं. VLOOKUP निदान ओरडून सांगतं की सापडलं नाही. SUMIFS मुकाट राहतं, आणि फी भरलेल्या १८ घरी थकबाकीची नोटीस जाते.

शाईपेन, आता रकमेचा कॉलम तपासा. `=SUM(C2:C656)` किती येते आणि बँकेने छापलेली एकूण जमा किती आहे?

शाईपेन
SUM ६०,२८,५०० देतं. बँकेच्या पत्रकावर ६१,६४,५०० आहे. फरक १,३६,०००. हे मी आजवर कधी ताडूनच बघितलं नव्हतं.

मिरची_लोणचं
१,३६,००० भागिले ८,५०० बरोबर १६. सोळा दुसरे हप्ते गायब!

जमाखर्च
मिरची_लोणचं यांनी नेमकं पकडलं. फरकाला हप्त्याच्या रकमेने भागून बघणं ही जुन्या कारकुनांची युक्ती. फरक ९ ने नि:शेष भागला जात असेल तर दोन अंकांची अदलाबदल झाली असेल असं ते म्हणायचे, तशातलीच ही.

आता `=COUNT(C2:C656)` आणि `=COUNTA(C2:C656)` शेजारी लावा. पहिलं फक्त संख्या मोजतं, दुसरं जे काही भरलेलं आहे ते सगळं. ६३९ आणि ६५५ असं उत्तर यायला हवं. मधल्या १६ रकमा मजकूर आहेत आणि SUM, SUMIFS दोन्ही मजकुराला न सांगता ओलांडून जातात.

शाईपेन
अगदी ६३९ आणि ६५५! त्या १६ ओळींत रकमेपुढे `Cr` लिहिलंय.

जमाखर्च
मग Bank शीटवर G कॉलममध्ये:

```
=VALUE(TRIM(SUBSTITUTE(C2,"Cr","")))
```

`Cr` ऐवजी कुठे `Dr` असेल तर ही ओळ `#VALUE!` देईल आणि ते चांगलंच. ती रक्कम जमा नाही, परत गेलेली आहे, तिच्याकडे माणसाने बघायला हवं.

मग वर्गयादीत प्रत्येकापुढे:

```
=SUMIFS(Bank!$G$2:$G$656,Bank!$F$2:$F$656,F2)
```

आणि आता खरी परीक्षा. या कॉलमची बेरीज, Bank च्या G ची बेरीज आणि बँकेच्या कागदावरचा आकडा, तिन्ही ६१,६४,५०० आले पाहिजेत. कागदाशी G जुळला पण वर्गयादीची बेरीज कमी आली, तर बँकेत अशा ओळी आहेत ज्यांचा विद्यार्थी यादीत नाही. प्रवेश रद्द झालेला असतो किंवा क्रमांक चुकीचा टाकलेला असतो. त्या शोधायला Bank शीटवर `=COUNTIF(Students!$F$2:$F$413,F2)` लावा आणि ० आलेल्या ओळी बघा.

तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. हे तीन आकडे जुळवून दाखवता आले की 'एक्सेलवर पकड' आली. पॉवर बीआयने याच चुकीच्या बेरजेचा रंगीत आलेख निघाला असता.

रानभेंडी
माझी अडचण थोडी वेगळी आहे. आमच्या संस्थेत लाभार्थ्यांची यादी नावांवरून जुळवतो, क्रमांक नाहीतच. जुनी यादी उघडली तर मराठी दिसतं, पण फिल्टरमध्ये नाव टाइप केलं की सापडत नाही. वरचं सूत्र लावून बघितलं, काही फरक नाही.

दुपारचा_चहा
रानभेंडी, सेलचा फॉन्ट बदलून एरियल करा. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसला तर ती यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली आहे. आत मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांवर मराठी मुखवटा आहे. आधी सगळी यादी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागेल, आणि त्यानंतर जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ नजरेखालून घालावे लागतील. रूपांतरात तिथेच घोळ होतो.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. 'कुऱ्हाडे' मधला ऱ एकाच चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. दिसायला तंतोतंत सारखं, पण LEN वेगळं येतं आणि जुळणी फसते. आणि नावांवरून जुळवणं मुळातच धोक्याचं. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असतातच. कायमचा उपाय म्हणजे प्रत्येक लाभार्थ्याला एक क्रमांक देणे.

रानभेंडी
फॉन्ट बदलला, गोंधळच दिसला. म्हणजे ते आधी करावं लागणार. ८-१० गावांच्या याद्या आहेत. :(

टोपणनाव_नाही
नोकरीच्या बाजूने लिहितो. एमआयएस एक्झिक्युटिव्ह किंवा अकाउंट्स असिस्टंट अशा जागांसाठी मुलाखतीत बऱ्याच ठिकाणी अशाच दोन याद्या आणि अर्धा तास देतात. सूत्र कुठलं वापरलं याकडे फारसं कुणी बघत नाही. बघतात ते हे, की उमेदवार न जुळलेल्या ओळी वेगळ्या काढून सांगतो की झाकतो. `IFERROR` लावून सगळे `#N/A` कोरे केलेली शीट दिसायला देखणी असते आणि पहिल्या फेरीत बाद होते. बायोडेटात 'अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल' लिहिण्यापेक्षा 'दरमहा बँक आणि फी नोंदींचा ताळमेळ, फरकासह अहवाल' असं लिहा. मुलाखतीत बोलायला विषय मिळतो.

कपबशी
याची दुसरी बाजूही सांगा की. एकदा कळलं तुम्हाला एक्सेल येतं की अख्ख्या ऑफिसच्या शीट तुमच्या टेबलावर. 'जरा बघून दे ना.' पगार तोच, पद तेच.

टोपणनाव_नाही
ते होतं, नाकारत नाही. म्हणून दुसऱ्याची शीट दुरुस्त करून देऊ नये, कशी करायची ते दाखवावं आणि स्वतःच्या कामाचा अहवाल स्वतःच्या नावाने, तारखेने, वरिष्ठांना थेट द्यावा.

कपबशी
थेट वरिष्ठांना? आमच्याकडे मधले साहेब स्वतःचं नाव टाकून पुढे पाठवतात. यावर सूत्र असेल तर सांगा.

मिरची_लोणचं
`=IF(साहेब="मधले","नमस्कार","रजा")`

गावकूस
पण एवढ्या मोठ्या फाइली एक्सेलवर विसंबून ठेवाव्यात का? इंग्लंडमध्ये करोनाच्या वेळी झालं होतं ना काहीतरी.

दुपारचा_चहा
हो, २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. पब्लिक हेल्थ इंग्लंडने प्रयोगशाळांची माहिती जुन्या `.xls` प्रकारच्या फाइलीत ओढली. त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावतात, पुढच्या कापल्या गेल्या. १५,८४१ बाधितांची नोंद वेळेवर झाली नाही आणि त्यांच्या संपर्कातल्यांना शोधायला उशीर झाला. तिथेही पाठवलेल्या आणि पोहोचलेल्या ओळींची संख्या ताडून बघितली असती तर त्याच दिवशी कळलं असतं. आताच्या `.xlsx` मध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, शाईपेन यांच्या ६५५ ना भीती नाही.

नवा_भिडू
बरं, XLOOKUP बद्दल मागे घेतो. पण तारखांचं काय? बँकेची सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली की ०३/०४ चं ४ मार्च होतं.

जमाखर्च
संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असली की होतं. आणि त्यातला वाईट भाग असा की अर्ध्याच तारखा बिघडतात. दिवस १२ किंवा त्याहून कमी असेल तर दिवस आणि महिना उलटतात. १२ च्या पुढे असेल तर एक्सेलला तो महिना वाटू शकत नाही, म्हणून ती तारीख मजकूर म्हणून तशीच राहते. ओळखायचं कसं? तारखेच्या कॉलमला फिल्टर लावा. खऱ्या तारखा वर्ष-महिना अशा गटांत दिसतात आणि मजकूर राहिलेल्या खाली सुट्या. अजून न आलेल्या महिन्यांच्या तारखा दिसल्या तर समजा उलटल्यात.

उघडून बिघडलेली फाइल दुरुस्त करत बसू नका, कुठली उलटली आणि कुठली मुळातच तशी होती हे नंतर सांगता येत नाही. मूळ सीएसव्ही नव्याने आणा. रिकामी वर्कबुक उघडा, Data मधून From Text/CSV घ्या, Transform Data दाबा, आपोआप आलेली Changed Type ही पायरी काढून टाका, तारखेच्या कॉलमवर राइट क्लिक करून Change Type, Using Locale निवडा आणि तिथे English (India). क्रमांकांच्या कॉलमला Text द्या, म्हणजे पुढची शून्यंही टिकतात. हेच पॉवर क्वेरी. पुढच्या महिन्यात त्याच नावाची नवी फाइल त्याच जागी ठेवून Refresh केलं की सगळ्या पायऱ्या आपोआप. शाईपेन, पुढे काही शिकायचंच असेल तर हे शिका, पायथन नंतर.

दुपारचा_चहा
इथे थोडा मतभेद. एक फाइल महिन्यातून एकदा येत असेल तर पॉवर क्वेरी ठीक. पण बँक दर चार महिन्यांनी कॉलमची नावं बदलते आणि Refresh केलं की क्वेरी अडते. ज्याने बांधली तो रजेवर असला की कुणालाच उघडता येत नाही. साध्या सूत्रांची शीट शेजारच्या टेबलावरचा माणूसही वाचू शकतो.

जमाखर्च
नाव बदललं की अडते हा मला गुण वाटतो. सूत्रं अशा वेळी चुकीचा कॉलम उचलून पुढे जातात. पण वाचता येण्याचा मुद्दा मान्य.

शाईपेन
तिन्ही आकडे जुळले, ६१,६४,५००! ४१२ जणांची एकूण फी ७६,२२,००० होते, म्हणजे बाकी १४,५७,५००. १४ जणांनी काहीच भरलेलं नाही आणि १४२ जणांचा दुसरा हप्ता राहिलाय. पण एका विद्यार्थ्यापुढे उणे ८,५०० दिसतंय. हेच बाकीचे आकडे लिहून अहवाल देऊ का?

जमाखर्च
थांबा. १४ गुणिले १८,५०० म्हणजे २,५९,०००. १४२ गुणिले ८,५०० म्हणजे १२,०७,०००. मिळून १४,६६,०००. ही खरी येणी. तुमच्या १४,५७,५०० मध्ये त्या एकाचे जास्तीचे ८,५०० वजा झालेत. अहवालात दोन्ही वेगळे लिहा: येणे १४,६६,००० आणि जादा जमा ८,५००. निव्वळ आकडा एकटा दिलात तर जादा भरलेले पैसे दुसऱ्याच कुणाच्या थकबाकीत जिरतात.

कपबशी
त्याने दोनदा भरले असतील. व्यवहार क्रमांकावर COUNTIF लावा, १ पेक्षा जास्त आलं की दुबार नोंद.

जमाखर्च
व्यवहार क्रमांक किती अंकी आहे त्यावर अवलंबून. COUNTIF आकड्यांसारख्या दिसणाऱ्या मजकुराची संख्या करून तुलना करतं आणि एक्सेलची संख्या १५ अंकांपर्यंतच नेमकी असते. १८ अंकी दोन वेगळे क्रमांक शेवटच्या तीन अंकांतच वेगळे असतील तर COUNTIF त्यांना एकच म्हणेल. त्यासाठी:

```
=SUMPRODUCT(--($D$2:$D$656=D2))
```

हे मजकूर जसाच्या तसा ताडतं. पण आधी D कॉलमचे शेवटचे अंक सगळीकडे `000` तर नाहीत ना ते बघा. असतील तर फाइल डबल क्लिकने उघडताना ते गेलेत, मूळ सीएसव्ही पुन्हा Text म्हणून आणावी लागेल.

शाईपेन
क्रमांक १२ अंकी आहेत आणि त्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या हप्त्याच्या दोन्ही ओळींत वेगळे आहेत. तारखा मात्र सहा दिवसांच्या अंतराने.

टोपणनाव_नाही
मग एकच नोंद दोनदा आलेली नाही, दोन वेगळे व्यवहार आहेत. परतावा लगेच लिहू नका. पैसे भरणाऱ्याचं नाव बँकेकडून मागवा. दुसऱ्या ओळीवर भलत्याच पालकाचं नाव निघालं तर कुणीतरी क्रमांक चुकीचा टाकलाय, आणि तुमच्या १४२ पैकी एकाने दुसरा हप्ता भरलेला आहे.

शाईपेन
बँकेला मेल केला. आणि हो, त्या अर्जात 'पॉवर बीआय येतं का' असा रकाना आहे. काय लिहू?

मिरची_लोणचं
'नाही' लिहा आणि सोबत ही शीट जोडा.

कपबशी
शीट जोडू नका, विद्यार्थ्यांची नावं आहेत त्यात. पहिल्या पानावरचे तीन आकडे आणि न जुळलेल्या नोंदींची संख्या पुरे.